आपलं ॲनिमेशन पात्र वापरायला देताना मालकी आणि दर्जा हातात कसा ठेवायचा

समजा, आर्वी तालुक्यातल्या तीन मित्रांनी मोबाइलवर पाहता येतील अशा दोन-तीन मिनिटांच्या ॲनिमेशन गोष्टी केल्या. एक जण गोष्ट लिहितो, एक चित्रं काढून ती हलवतो, तिसरा आवाज देतो. नायक आहे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. त्याचं डावं शिंग अर्धं तुटलेलं, एक डोळा मोठा तर एक बारीक, चाकं दोऱ्याच्या रिळांची, आणि चालताना गडगड आवाज होतो म्हणून नाव गडगड्या. पोरांना तो आवडला, आणि पोळ्याच्या चार महिने आधी तीन निरोप आले. वर्ध्याच्या एका सुताराला दीड हजार लाकडी गडगडे करून विकायचे आहेत. वह्या छापणाऱ्याला तो मुखपृष्ठावर हवा आहे. कपाशीच्या बियाण्याची एक कंपनी त्याला पिशवीवर छापायचं म्हणते. तिघांचं बोलणं एकच आहे : ‘पंधरा हजार घ्या, चित्राची फाइल पाठवा.’

हे पंधरा हजार घेऊन फाइल पाठवली की पुढं काय होईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. चित्र विकलं की वापरायला दिलं, किती नगांसाठी, किती वर्षांसाठी, कशावर, यातलं काहीच ठरलेलं नसतं. शेत ठेक्यानं देताना आपण सातबारा आपल्याच नावावर ठेवतो, ठेका किती वर्षांचा ते ठरवतो, विहिरीचं पाणी कोणाचं तेही बोलून घेतो. पात्राचा परवाना म्हणजे तसाच ठेका. गडगड्याचं उदाहरण मी काल्पनिक घेतलं आहे. त्याच्यामागची कायद्याची आणि व्यवहाराची पद्धत मात्र खरी आहे.

आधी घरातली मालकी

परवाना देण्याआधी पात्र नक्की कोणाचं आहे हे कागदावर यायला हवं. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्यानुसार चित्राचा पहिला मालक सहसा ते काढणारा असतो. तो कोणाच्या नोकरीत असेल आणि चित्र नोकरीचं काम म्हणून काढलं असेल, तर हक्क नोकरी देणाऱ्याकडे जातो. पण आपल्याकडे बहुतेक काम ‘भाऊ, तू काढून दे, पैसे देतो’ असं चालतं. अशा वेळी पैसे दिले म्हणून चित्राचा हक्क आपोआप तुमच्याकडे येईलच असं नाही. म्हणून लेखी आणि सही केलेलं हस्तांतर घेऊन ठेवा. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. पाच वर्षांनी चित्रकार उभा राहून ‘आता माझं’ म्हणू शकतो, आणि तो चूक नसतो.

पात्र कोणी आणि कधी निर्माण केलं यावर किती अवलंबून असतं याचं उदाहरण केरळात घडलं. ‘बोबन आणि मोली’ या जोडीचे व्यंगचित्रकार व्ही. टी. थॉमस यांनी मलयाळ मनोरमा सोडल्यावर वृत्तपत्रानं त्यांना ती पात्रं पुढं काढण्यापासून अडवायचा प्रयत्न केला. पात्रं त्यांनी तिथं रुजू होण्याआधीच निर्माण केली होती, म्हणून केरळ उच्च न्यायालयानं त्यांना पुढची चित्रं काढण्यापासून रोखायला नकार दिला.

म्हणून आपल्या तिघांनी आधी आपसात एक करार करावा. गडगड्याचं चित्र, नाव, ठेवण आणि गोष्टींचे हक्क तिघांचे मिळून असतील, की एका भागीदारी फर्मचे? परवाना द्यायला किती जणांची सही लागेल? एकजण गाव सोडून पुण्याला गेला तर त्याचा वाटा काय? आवाज देणाऱ्याचा आवाज खेळण्यात किंवा जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याची संमती वेगळी घ्यायची, कारण तो कलाकार आहे आणि कलाकाराचे स्वतःचे हक्क असतात. शीर्षकगीत दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असेल तर तेही इथंच तपासा.

इथंच एक प्रामाणिक हिशोब करावा लागतो. लाकडी बैल, त्याची चाकं, अंगावरची झूल, हे कोणाच्याही मालकीचं नाही. विदर्भातला प्रत्येक सुतार तो बनवतो आणि बनवत राहील. तुमचं आहे ते अर्धं शिंग, लहानमोठे डोळे आणि रिळांची चाकं यांचा एकत्र मेळ, आणि गडगड्या हे नाव. तुम्ही साध्या लाकडी बैलावर हक्क सांगायला गेलात तर हसू होईल आणि खरा हक्कही कमजोर दिसेल. नावाचंही तसंच आहे. पात्राचं नाव सर्जा ठेवलं असतं तर ते राखणं अवघड गेलं असतं, कारण गावोगावच्या गोठ्यात सर्जा बांधलेला आहे.

नोंदणी : काय, कधी, किती पैशांत

कॉपीराइट चित्र काढताक्षणी मिळतो, नोंदणी बंधनकारक नाही. तरी ती करून घ्या, कारण भांडण झालं तर तारखेसह पुरावा हातात असतो. कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज होतो. कलाकृतीची फी ५०० रुपये आहे. ती वस्तूंवर वापरली जाणार असेल तर २,००० रुपये, आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध दाखला लागतो. गडगड्या खेळण्यावर जाणार असल्यानं दुसरा आकडा धरा.

नावाचं आणि चेहऱ्याचं संरक्षण ट्रेडमार्कनं होतं. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये लागतात, आणि नोंदणी दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरण होतं. सगळे वर्ग घ्यायला पैसे नसतात. खेळणी वर्ग २८ मध्ये येतात, वह्या-पुस्तकं १६ मध्ये, कपडे २५ मध्ये, करमणूक ४१ मध्ये. माझ्या मते सुरुवात २८ आणि १६ पासून करावी, कारण पैसे तिथं येणार आहेत. ज्या वर्गात तुम्ही नसता तिथं दुसरा आधी शिरू शकतो. ‘नॉडी’ या परदेशी पात्राच्या हक्कधारकांना २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयात मुलांच्या कपड्यांच्या एका भारतीय उत्पादकाविरुद्ध हार मानावी लागली, कारण तो ते नाव भारतात आधीपासून वापरत होता.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि तिचा वेळ एकदा गेला की परत येत नाही. खेळण्याचा आकार डिझाइन कायद्याखाली नोंदवता येतो. पण तो आकार आधी कुठं प्रसिद्ध झालेला नसावा. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नोंदता येण्याजोगं डिझाइन नोंदवलंच नाही आणि मालकाच्या परवानगीनं औद्योगिक पद्धतीनं त्या वस्तू ५० पेक्षा जास्त झाल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मूळ चित्र आणि वस्तूचं डिझाइन यांच्यातली रेषा कुठं पडते यावर न्यायालयांत वाद होत आले आहेत. त्या वादात शिरण्यापेक्षा लाकडी गडगड्याचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकण्याआधी अर्ज करा. व्यक्तीसाठी फी १,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढं पाच वर्षं वाढवता येते.

बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपूरलाच आहे. तिथली प्रशिक्षणं पाहा, अर्ज स्वतः भरायची हिंमत येते.

पात्राची मोजपट्टी

करारापेक्षाही आधी मॉडेल शीट करावी लागते. दर्जा राखायचा तर आधी दर्जा म्हणजे काय हे दिसायला हवं. गडगड्याची समोरची, बाजूची, पाठची आणि तीन-चतुर्थांश वळलेली बाजू काढा. डोक्याच्या उंचीवरून प्रमाण लिहा : शरीर डोक्याच्या दीडपट, पाय अर्धे. पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या रंगाचे आकडे द्या, छपाईसाठी वेगळे आणि रंगाच्या डब्यासाठी वेगळे. बरोबर आणि चुकीचे काढलेले नमुने शेजारी ठेवा. तो कधी हसतो, कधी रागावतो, तो कधीच काय करत नाही हेही लिहा. तो इतर बैलांना हरवून मिरवत नाही, असं तुम्ही गोष्टीत ठरवलं असेल तर जाहिरातीतही तो मिरवणार नाही.

पण कागदावरचा बैल आणि लाकडाचा बैल वेगळे असतात. सुतार पहिला नमुना घेऊन येतो तेव्हा दोन्ही शिंगं पूर्ण असतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं :

‘अजी भाऊ, एक शिंग अर्धं ठेवलं तर गिऱ्हाईक म्हणते तुटलेला बैल देला. परत आणून देते मंग.’

‘पण काका, तेच तर त्याची ओळख आहे.’

‘ओळख तुमची. माल मले वापस येते ना!’

सुताराचं म्हणणं खरं आहे, आणि इथं हटून बसण्यात शहाणपण नाही. उपाय चित्रातच करायचा. तुटलेल्या शिंगाच्या टोकाला पिवळ्या दोऱ्याचे तीन वेढे दाखवा आणि खेळण्यातही खरा दोरा गुंडाळा. मग शिंग मोडलेलं नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं आहे हे दुकानातल्या माणसाला लांबूनच कळतं. दोरा मॉडेल शीटमध्ये, ॲनिमेशनमध्ये आणि वहीच्या मुखपृष्ठावर एकाच वेळी आणा. हा बदल तुम्ही केलेला आहे, म्हणून तो तुमचाच राहतो. सुतारानं स्वतः दोरा सुचवला असता तर करारात ‘परवाना घेणाऱ्यानं सुचवलेली किंवा केलेली प्रत्येक नवी मांडणी मालकाची, आणि तो तिचं लेखी हस्तांतर करेल’ हे वाक्य हवंच होतं. ते नसेल तर पुढच्या वर्षी दोऱ्याच्या शिंगावर भांडण होतं.

करारातल्या महत्त्वाच्या ओळी

करार लेखी आणि सहीचा हवा, कारण कायदा परवान्याला लेखी स्वरूप मागतो. स्टँपची रक्कम वकिलाकडून ठरवून घ्या. शीर्षक ‘परवाना करार’ ठेवा, आणि ‘सर्व हक्क दिले’ किंवा ‘कायमचे दिले’ हे शब्द कुठंही येऊ देऊ नका.

मग पुढच्या गोष्टी अगदी अरुंद लिहा. वस्तू : चाकांचा लाकडी बैल, उंची अमुक इंच, एकच मॉडेल. विक्री : विदर्भातले अकरा जिल्हे, दुकान आणि यात्रा, ऑनलाइन नाही. मुदत : एक हंगाम. इतरांना पुढं परवाना द्यायचा हक्क नाही. फक्त त्यालाच द्यायचा म्हणजे एकाधिकार असेल तर तो एका वस्तूपुरताच द्या आणि त्याची वेगळी किंमत घ्या. जे दिलं नाही ते तुमच्याकडे राहिलं, हे स्पष्ट लिहा. झाडीपट्टीच्या नाटकमंडळींनी उद्या गडगड्याचा मुखवटा करून मंचावर आणायचा म्हटलं, तर तो प्रयोगाचा वेगळा हक्क आहे आणि तो सुताराच्या करारात वाहून गेलेला नसावा.

काही वापरांना आधीच नाही म्हणून ठेवा. बियाण्याच्या कंपनीनं पंधरा हजार दिले तरी मी ते घेऊ देणार नाही, कारण ज्या दुकानात बियाण्याच्या पिशव्या असतात तिथंच कीटकनाशकांच्या बाटल्या असतात, आणि पोरांनी ओळखलेलं पात्र त्यांच्या शेजारी नको. खर्रा, तंबाखू, दारू, लॉटरी आणि निवडणुकीचा प्रचार यांची नावं घेऊन मनाई करा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत फ्लेक्सवर गडगड्या आला तर निम्मं गाव त्याच्याविरुद्ध जातं, आणि त्याला तुमची परवानगी नव्हती हे सांगून काही होत नाही.

फाइल कशी द्यायची हाही करारातलाच मुद्दा आहे. फ्लेक्सवाल्याला किंवा छापखान्याला कोरल ड्रॉची मूळ फाइल देऊ नका. लागणाऱ्या आकाराची एकसंध पीडीएफ द्या, आणि काम झाल्यावर ती मिटवण्याचं कबूल करून घ्या. ॲनिमेशनची हलवता येणारी फाइल कुणालाच नको.

नमुना, मंजुरी आणि सुरक्षा

मंजुरीचे टप्पे तीन ठेवा : चित्र, नमुना, पहिला घाणा. प्रत्येक टप्प्यावर उत्तर द्यायला तुम्हाला सात कामाचे दिवस, आणि उत्तर आलं नाही तर ते नाकारलं असं समजायचं. ही शेवटची ओळ सोडू नका. समोरचा बहुधा उलट मागतो, म्हणजे गप्प राहिलात तर मंजूर. हंगामाच्या घाईत तुम्ही एक आठवडा शेतात असलात तर चुकीचा बैल मंजूर होऊन जातो.

मंजूर नमुन्याचे दोन नग ठेवा. दोघांनी त्यांच्या पोटाखाली सही आणि तारीख टाकायची, एक तुमच्याकडे, एक सुताराकडे. मोबाइलच्या फोटोवर मंजुरी देऊ नका. पिवळा रंग स्क्रीनवर वेगळा दिसतो, आणि चाक सरळ फिरतं की नाही हे फोटोत कळतच नाही. नमुना हातात घ्या, फरशीवर ओढा, शिंगाचं टोक बोटानं चाचपा. टोक टोचलं तर मंजुरी नाही.

मुलांच्या खेळण्यात सुरक्षेचा नियमही पाहावा लागतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून सुताराकडून त्याच्या नोंदणीची प्रत कराराला जोडून घ्या. ती नसेल आणि आयएसआय चिन्हाचा परवानाही नसेल तर काम सुरू करायचं नाही. घरगुती आणि शोभेच्या रंगात शिशाची मर्यादा भारतात दहा लाख भागांत ९० भाग आहे. खुल्या डब्यातला स्वस्त रंग वापरला की ही मर्यादा पाळली गेली की नाही हे कळायला मार्ग नाही. म्हणून बंद डब्यातला रंग, डब्यावरचं नाव आणि खरेदीची पावती ही अट घाला. मालात दोष निघाला तर भरपाई आणि परत घेणं हे परवाना घेणाऱ्याचं काम, हेही लिहून घ्या.

दुकानातून स्वतः एक नग विकत आणून तपासण्याचा हक्क राखा. मंजूर नमुन्यापेक्षा पुढचे घाणे हलके होत जातात : आधी दोऱ्याचे वेढे तीनाचे दोन होतात, मग एक डोळा छोटा राहत नाही, मग रिळाच्या जागी प्लास्टिकचं चाक येतं. हे एका दिवसात होत नाही, म्हणून दर महिन्याला एक नग घ्या.

मोजणी

रॉयल्टीचा हिशोब नगांच्या मोजणीवर चालतो, आणि छोट्या परवान्यात सगळ्यात मोठी गळती तिथंच होते. उपाय साधा आहे. क्रमांकाचे, फाटल्याशिवाय निघणार नाहीत असे स्टिकर तुम्ही छापून घ्या आणि मोजून द्या. स्टिकर नसलेला गडगड्या हा चोरीचा गडगड्या, असं गिऱ्हाइकालाही कळू द्या.

आकडे धरून पाहू. सुतार ठोक भावानं एक बैल ३०० रुपयांना देतो. रॉयल्टी ठरली या भावाच्या ८ टक्के, म्हणजे नगाला २४ रुपये. तुम्ही १,६०० स्टिकर दिले, किमान रक्कम २०,००० ठरवली आणि त्यातली १०,००० सहीच्या वेळी आगाऊ घेतली. पोळा झाल्यावर १,५०० नग विकले गेले, ६० परत आले, ४० स्टिकर उरले. विक्री ४,५०,०००, रॉयल्टी ३६,०००, आगाऊ वजा जाऊन २६,००० यायचे. उरलेले ४० स्टिकर मोजून परत घ्या आणि ६० नगांचं काय होणार ते लगेच ठरवा.

रॉयल्टी नफ्यावर ठरवू नका, कारण नफा कागदावर कितीही खाली आणता येतो. सूट, वाहतूक, दलाली यांच्या नावानं ठोक भाव घटवता येणार नाही असं लिहा. जीएसटी तुमची नोंदणी असेल तरच लावावा लागतो, सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. मोठ्या खरेदीदाराकडून १० टक्के टीडीएस कापला गेला तर तो विवरणपत्रात जमा दाखवा.

बिघडलं तर

उल्लंघन दिसलं की आधी पंधरा दिवसांची लेखी सूचना द्या, सोबत दुकानातून घेतलेल्या नगाचा फोटो आणि पावती ठेवा. सुधारणा झाली नाही तर करार संपतो, स्टिकर परत येतात आणि साचे किंवा फर्मे तुमच्या समक्ष नष्ट केले जातात.

परवाना नसलेला कोणी नक्कल करत असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ खाली तुम्ही स्वतः जिथं राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा करता येतो. म्हणजे दूरच्या शहरात नक्कल करणाऱ्याच्या मागं फिरत बसायची गरज नाही. कलम ६३ चा, म्हणजे जाणूनबुजून कॉपीराइट मोडण्याचा गुन्हा दखलपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं आहे, तरी पोलिसांत जाण्याआधी आपली नोंदणी आणि तारखा हातात ठेवा.

करार संपल्यावर उरलेला माल विकायची मुभा हा पोळ्याच्या मालात वेगळाच प्रश्न होतो. पोळा श्रावण अमावास्येला येतो, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. वर्षभराची मुभा दिली, तर उरलेला माल म्हणून सुतार पुढच्या पोळ्यालाही रॉयल्टीशिवाय बैल विकू शकतो, आणि नवे बैलही त्यातच मिसळतात. म्हणून मुदत ३१ ऑक्टोबरला संपवा, मुभा तीस दिवसांचीच द्या, तेवढ्या दिवसांत विकल्या जाणाऱ्या नगांवरही तीच रॉयल्टी लावा, आणि ३० नोव्हेंबरला स्टिकर मोजून परत घ्या. पुढच्या पोळ्याचा करार जानेवारीत, नव्या नमुन्यासह करा, म्हणजे सुताराला लाकूड घ्यायला वेळ मिळतो आणि तुम्हाला शिंगावरचे वेढे पुन्हा मोजता येतात.